गारपीट काढून टाकल्यावर: घाईत उरकलेला कथेचा शेवट पुन्हा लिहिताना

निफाडजवळच्या दिनकर नावाच्या एका द्राक्षबागायतदाराची कथा मी गेल्या हिवाळ्यात लिहिली. पहिल्या खर्ड्यात तिचा शेवट गारपिटीने होत होता. अर्धा माल उचलून नेलेला व्यापारी फोन बंद करून नाहीसा होतो, मार्चमधल्या एका रात्री उरलेली बाग गारांखाली झोपते, आणि पहाटे आडव्या पडलेल्या मांडवाजवळ एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ गळ्यात गळा घालून रडतात. गंगापूर रोडवर एका मैत्रिणीच्या घरी आम्ही पाचसहा जण महिन्यातून एकदा आपापले लेखन वाचून दाखवतो. तिथे ही कथा वाचली तेव्हा ऐकणाऱ्यांत दिंडोरीकडचे एक बागायतदार होते. ते म्हणाले, "गारपीट झाली की तलाठी येतो, पंचनामा होतो, आणि मग दिनकरनं काय केलं होतं हे कोणी विचारत नाही. तुमच्या गारांनी त्याला सोडवलं."

नाशिक जिल्ह्यात गारपीट ही कल्पित गोष्ट नाही, त्यामुळे 'असे प्रत्यक्षात घडते' हा माझा बचाव तयारच होता. पण त्यांचा आक्षेप गारपीट खोटी आहे असा नव्हताच. कथेत तीन माणसांनी पाच महिने काही निर्णय घेतले होते, आणि शेवटी जे घडले ते त्यांनी ते निर्णय घेतले नसते तरीही घडलेच असते. हा दोष भाषा सुधारून जात नाही, शेवटची पाने लांबवूनही जात नाही. त्यासाठी कथा मागे जाऊन उसवावी लागते. ती मी कशी उसवली आणि पुन्हा कशी शिवली, ते याच एका कथेच्या आधारे सविस्तर मांडते.

कथा थोडक्यात अशी होती. दिनकरची तीन एकर बाग आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पाऊस लांबतो, घडांवर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, फवारण्यांचा खर्च दुप्पट होतो. पैसे कमी पडतात म्हणून दिनकर बायकोच्या, सुमनच्या, पाटल्या नाशिकच्या सराफ बाजारात गहाण ठेवतो आणि तिला 'उजळायला दिल्यात' असे सांगतो. फेब्रुवारीत गावातला ओळखीचा व्यापारी किलोला 38 रुपये भाव आणि पन्नास हजार इसार द्यायला तयार असतो. दिनकर त्याला नकार देऊन बाहेरगावच्या व्यापाऱ्याला 45 रुपयांनी, इसार न घेता, तोंडी सौद्यावर बाग देतो. धाकटा भाऊ प्रकाश अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला आहे आणि जमिनीच्या वाटणीवरून दोघांत अबोला आहे.

आधी मोजावे

शेवट घाईत उरकला आहे हे लेखकाला बहुधा जाणवत नाही, कारण त्याच्या मनात तो प्रसंग पूर्ण लांबीचा असतो. म्हणून मी आधी मोजते. कथेची छापील प्रत घ्यावी आणि प्रत्येक प्रसंगाच्या समासात दोन आकडे लिहावेत: त्या प्रसंगाचे शब्द किती, आणि त्यात कथेतला काळ किती गेला. माझ्या कथेचे पहिले सुमारे 2,700 शब्द ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत चालले होते. उरलेल्या 280 शब्दांत फसवणूक, गारपीट, भावांचा समेट आणि पुढच्या हंगामाचा निश्चय एवढे सगळे कोंबलेले होते. द्राक्षाच्या मण्याची फुगवण सांगायला मी जितके शब्द दिले होते, तितकेही व्यापारी पळून जाण्याला दिले नव्हते.

नुसत्या आकड्यांवरून निर्णय करू नये. छोटा शेवट हा घाईचा शेवट असतोच असे नाही. घाईची खूण वाक्यरचनेत सापडते. शेवटच्या पानावरची क्रियापदे अधोरेखित केली तेव्हा मला 'समजले', 'कळून चुकले', 'विरघळले', 'ठरवले' अशी क्रियापदे ओळीने मिळाली. यांतले एकही क्रियापद डोळ्यांना दिसत नाही. त्याआधीच्या पानांवर मात्र 'विरळणी केली', 'पावती घडी घातली', 'मोटार बंद केली' अशी क्रियापदे होती. माणसे करायची थांबून त्यांना एकदम गोष्टी समजू लागल्या की लेखक प्रसंग लिहायचा सोडून त्याचा अहवाल देऊ लागला आहे, हे ओळखावे. दुसरी खूण म्हणजे शेवटच्या दहाव्या भागात पहिल्यांदाच अवतरणारी शक्ती. मग ती गार असो, अपघात असो, तार असो की अचानक उगवलेला मामा असो.

निवडींची वही

यानंतर शेवट बाजूला ठेवावा आणि उरलेल्या कथेतून पात्रांच्या निवडी वेचाव्यात. यासाठी मी शाळेची दोनशे पानी वही वापरते आणि प्रत्येक पात्राला एक पान देते. काम सोपे वाटते, पण पहिल्या यादीत नेहमी भेसळ होते. माझ्या यादीत 'दिनकर हट्टी आहे' असे होते, तो स्वभाव झाला. 'डाऊनी आला' असे होते, ती घटना झाली. 'प्रकाशला भावाची काळजी वाटते' असेही होते, ती भावना झाली. यांतली एकही निवड नव्हे. निवडीची कसोटी अशी की पात्रासमोर दुसरी वाट उघडी असली पाहिजे, ती वाट उघडी आहे हे त्याला माहीत असले पाहिजे, आणि तरीही त्याने ती सोडलेली असली पाहिजे. या कसोटीवर वीसेक नोंदींतून चारच टिकल्या.

पहिल्या दोन दिनकरच्या. त्याने पाटल्या गहाण टाकून खोटे सांगितले, आणि इसारासह मिळणारा कमी भाव सोडून तोंडी सौद्यावरचा जास्त भाव घेतला. तिसरी सुमनची. औषधाचे प्रमाण बघायला तिने फवारणीची वही उघडली, तिच्यात सराफाची गहाणपावती तिला सापडली, आणि ती तिने वाचून त्याच पानात परत ठेवली. चौथी प्रकाशची, आणि ती मी लिहून विसरून गेले होते. संक्रांतीच्या आधी कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर एका सहकाऱ्याने त्याला एका व्यापाऱ्याचे नाव सांगितलेले असते. त्या व्यापाऱ्याने सहकाऱ्याच्या गावात गेल्या वर्षी एकाचे पैसे बुडवले होते. पुढे फेब्रुवारीत सुमन फोनवर सहज तेच नाव घेते. प्रकाश म्हणतो, "बरं." मी हा प्रसंग केवळ व्यापारी लबाड आहे याची वाचकाला कुणकुण लागावी म्हणून घातला होता. वहीत नोंद करताना लक्षात आले की ते 'बरं' ही कथेतली सगळ्यात महागडी निवड आहे.

प्रत्येक नोंदीपुढे मी आणखी तीन गोष्टी लिहिते: या निवडीने कोणती वाट बंद झाली, तिची किंमत कोणाला मोजावी लागू शकते, आणि ती कोणी पाहिली. तिसरी गोष्ट बहुतेक लेखक विचारातच घेत नाहीत. कोणी न पाहिलेली निवड शेवटी उघड करायची तर कबुलीजबाब लागतो, आणि कबुलीजबाब कथेत नेहमी जड जातो. कोणीतरी पाहिलेली निवड वस्तूवरून, नजरेवरून, एका शब्दावरून उघड होऊ शकते.

निवडी एकमेकींना जोडून बघणे

आता या चार नोंदी 'आणि मग' ऐवजी 'म्हणून' ने जोडता येतात का ते पाहावे. दिनकरने पाटल्या गहाण टाकल्या, आणि मग बाहेरच्या व्यापाऱ्याला बाग दिली. पहिल्या खर्ड्यात हे असेच होते. जास्त भावाचे कारण म्हणून मी शेजाऱ्याची ईर्षा पुढे केली होती: शेजाऱ्याला गेल्या वर्षी चांगला भाव मिळाला, म्हणून दिनकरलाही हवा.

वहीत मात्र दोन आकडे शेजारी आले. तीन एकरांत त्याचा अंदाज पंचवीस टनांचा आहे. 38 आणि 45 यांत किलोमागे सात रुपयांचा फरक, म्हणजे पंचवीस टनांवर एक लाख पंचाहत्तर हजार रुपये. पाटल्यांवर त्याने एक लाख वीस हजार उचलले होते. म्हणजे त्या सात रुपयांत व्याजासह पाटल्या सुटतात, आणि सुमनला काही कळण्याच्या आत डब्यात परत येतात. दोन्ही आकडे माझ्याच कथेत होते, फक्त वेगवेगळ्या पानांवर. दिनकरने जास्त भाव घेतला तो शेजाऱ्यामुळे नव्हे, तर पहिल्या खोट्याला झाकण्यासाठी. ईर्षेचे तीन परिच्छेद मी काढले आणि त्यांच्या जागी दिनकर फवारणीच्या वहीच्या मागच्या पानावर हा हिशेब मांडतो एवढेच ठेवले. जोड सापडली की कथा बहुधा वाढत नाही, आखडते. नव्या कारणाची भर घालावी लागत असेल, तर जोड अजून सापडलेली नाही असे मी समजते.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात कथावस्तूचे पाच संधी सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. मुखसंधीत पेरलेले बीज आणि मधल्या संधींत विखुरलेले धागे एका ठिकाणी आणणे हे निर्वहणाचे काम. संज्ञा पाठ करण्याची गरज नाही, पण क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. शेवटात जे एकत्र आणायचे ते आधी पेरलेलेच असते, बाहेरून आणलेले नसते.

अपघाताचे काय करावे

शेवटातली प्रत्येक मोठी घटना घेऊन स्वतःला विचारावे: पात्रांनी उलट निवडी केल्या असत्या, तर हे टळले असते का? दिनकरने इसार घेतला असता तरी गारा पडल्याच असत्या. प्रकाश बोलला असता तरी पडल्याच असत्या. म्हणून गारपीट गेली. फसवणूक मात्र राहिली, कारण लेखी सौदा असता किंवा प्रकाशने वेळेत फोन केला असता तर ती टळण्याचा संभव होता.

अपघात कथेत चालतच नाही असा याचा अर्थ घेऊ नये. ऑक्टोबरचा लांबलेला पाऊस हाही निसर्गाचाच आघात आहे, पण तो कथेच्या तोंडाशी येतो आणि माणसांना पेचात टाकतो. पेच निर्माण करणारा योगायोग वाचक सहज स्वीकारतो, पेच सोडवणारा स्वीकारत नाही. त्यामुळे ज्यांना गारपीट सोडवत नसेल त्यांनी ती सुरुवातीच्या तिसऱ्या हिश्शात नेऊन पाहावी, आणि तिथे ती कोणाला काय निवडायला लावते ते तपासावे.

फसवणुकीचीही जागा बदलावी लागली. ती शेवटच्या पानावर होती, म्हणजे तिचे परिणाम दाखवायला जागाच उरली नव्हती. घाईच्या शेवटांत ही चूक वारंवार दिसते: ज्या आघाताने परिणाम सुरू व्हायचे त्यालाच लेखक शेवट समजून बसतो. एका लग्नाचा चारशे शब्दांचा प्रसंग आणि फवारण्यांची काही वर्णने काढून मी फसवणूक कथेच्या साधारण दोन-तृतीयांशावर आणली. व्यापाऱ्याची माणसे पाच दिवस माल तोडून नेतात, पहिल्या दिवशी एक लाख रोख मिळतात, बाकीचे पैसे 'माल वाशीला पोचला की' मिळणार असतात, आणि सहाव्या दिवशी फोन लागत नाही. यापुढचे नऊशे शब्द आता त्या तीन माणसांचे होते.

कोणत्या दोन निवडी समोरासमोर आणाव्यात

सगळ्या निवडींचा हिशेब शेवटी चुकता करायला गेले की शेवट जमाखर्चासारखा होतो. मी अशा दोन निवडी शोधते, ज्यांत एकाला मदत करायची तर दुसऱ्याला आपले झाकलेले उघडे करावे लागते. आमच्या कथेत ती जागा तक्रारीची होती. पोलिसांत तक्रार द्यायची तर कागद हवा. सौद्याचा कागद दिनकरने केलाच नव्हता. उरल्या फक्त वजनाच्या चिठ्ठ्या, आणि त्या फवारणीच्या वहीत होत्या. त्याच वहीत सराफाची पावती होती. तक्रारीला जोर यायचा तर त्याच व्यापाऱ्याने बुडवलेला आणखी एखादा शेतकरी हवा. असा माणूस प्रकाशला माहीत होता, पण त्याचे नाव सांगणे म्हणजे आपल्याला आधीपासून माहीत होते हे सांगणे.

अशी जागा सापडली की पात्रांना बोलते करण्यासाठी लेखकाला ढकलाढकली करावी लागत नाही. वही मागितली जाणारच, कारण काम अडले आहे. नाव विचारले जाणारच, कारण काम अडले आहे. पहिल्या खर्ड्यातला समेट फिका वाटत होता तो याचमुळे. भावांना रडण्यापलीकडे काही कामच नव्हते.

या टप्प्यावर मी एक चूक केली आणि तिने तीन आठवडे घेतले. दुसऱ्या खर्ड्यात सुमनला पाटल्यांचे कळते आणि ती माहेरी निघून जाते, असे मी लिहिले. वाचताना ते न्याय्य वाटत होते आणि तरीही कोरडे वाटत होते. मग वहीतले सुमनचे पान पुन्हा पाहिले. तिची निवड होती पावती वाचून परत ठेवण्याची, आणि माहेरी जाण्यात त्या निवडीचा कुठे मागमूसच नव्हता. मी तिला दिनकरला शिक्षा करण्याचे साधन केले होते. 'करावे तसे भरावे' हे आपल्या कानांत इतके मुरलेले आहे की परिणाम म्हटला की आपण नकळत शिक्षा लिहितो. परिणाम शिक्षेसारखा नेमका दोषी माणसावर पडत नाही. तो आडवातिडवा पसरतो, आणि पुष्कळदा ज्याने कमी चूक केली त्याच्यावर जास्त पडतो. सुमन इतके दिवस गप्प राहिली होती. त्यामुळे आता 'तुम्ही मला फसवलं' असे ती मोकळेपणाने म्हणू शकत नाही, कारण ती बोलली असती तर दिनकरला त्या सात रुपयांची गरजच पडली नसती. तिच्या वाट्याचा परिणाम हा होता. तो तिसऱ्या खर्ड्यात आला.

प्रसंग लिहिताना

जागा, वेळ आणि वस्तू आधी ठरवाव्यात. मी स्वयंपाकघर, रात्रीचे साडेनऊ आणि वही एवढेच घेतले. पात्रांना एकमेकांची कृती दिसली पाहिजे, म्हणून तिघांना एका दिव्याखाली बसवले. त्या प्रसंगाचा मधला भाग असा आहे:

"वही दे दादा, चिठ्ठ्या तारखेनं लावून घेऊ," प्रकाश म्हणाला.

"मी काढून देतो," दिनकर म्हणाला, पण उठला नाही.

सुमन उठली. फडताळावरून तिने वही काढली, पदराने तिच्यावरची पांढरी भुकटी पुसली आणि न शोधता एक पान उघडले. त्यातली गुलाबी पावती तिने ताटाखाली सरकवली. मग मागची पाने चाळून वजनाच्या चिठ्ठ्या काढल्या आणि प्रकाशपुढे ठेवल्या. दिनकर ताटाकडे बघत राहिला. पावती कोणत्या पानात आहे हे तिला शोधावे लागले नव्हते.

"अकरा चिठ्ठ्या आहेत," प्रकाश म्हणाला. "पण एवढ्यानं होणार नाही. अजून एक माणूस आहे, त्याचेही पैसे याच व्यापाऱ्यानं बुडवलेत. त्याला बरोबर घेऊ."

"कोण?"

प्रकाशने नाव सांगितले.

"हे तुम्हाला कधी कळलं भाऊजी?" सुमनने विचारले.

तो चिठ्ठ्या सारख्या करत होता. "संक्रांतीच्या आधी."

"मी फोनवर नाव सांगितलं होतं," सुमन म्हणाली. "तुम्ही बरं म्हणालात."

या उताऱ्यात 'फसवणूक', 'पश्चात्ताप', 'विश्वास' हे शब्द नाहीत, आणि ते मी मुद्दाम गाळले. आधीच्या एका मसुद्यात प्रकाश म्हणत होता, "मी तेव्हा बोललो नाही, कारण वाटणीचा राग माझ्या मनात होता." वाक्य खरे होते, पण ते प्रकाशचे नव्हते, माझ्या वहीतले होते. संवादात 'कारण' हा शब्द आला की मी थांबते आणि बघते, की पात्र बोलते आहे की लेखक कार्यकारणभाव समजावून सांगतो आहे. कार्यकारणभाव आधीच्या पानांनी तयार केला असेल तर शेवटी त्याचे नुसते टोक पुरते. 'तुम्ही बरं म्हणालात' हे तसे टोक आहे.

मागे जाऊन पेरणी

नवा शेवट लिहून झाला की लगेच पहिल्या पानाकडे परतावे. नाशिककर गोदावरीचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आले एवढे सांगितले की पुराचा अंदाज येतो, तो मारुती पुराच्या आधीपासून तिथे उभा आहे म्हणून. शेवटच्या प्रसंगातली वही, पावती आणि ते 'बरं' यांना असेच आधीपासून उभे करावे लागते, नाहीतर शेवटी पाणी किती चढले ते वाचकाला कळत नाही.

मी नियम असा ठेवला की शेवटात निर्णायक ठरणारी वस्तू त्याआधी दोनदा यावी, आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच कामासाठी यावी. फवारणीची वही पहिल्यांदा डाऊनीच्या औषधाचे प्रमाण बघायला उघडते, दुसऱ्यांदा दिनकर मागच्या पानावर हिशेब मांडतो तेव्हा. पावती सुमनला सापडते तो प्रसंग आधी परिच्छेदाच्या शेवटी होता आणि त्यानंतर मोकळी ओळ होती, म्हणजे वाचकाच्या खांद्यावर हात ठेवून 'हे लक्षात ठेव' असे सांगण्यासारखेच. आता ते वाक्य परिच्छेदाच्या मध्ये आहे. पुढच्याच वाक्यात सुमन मोटार सुरू करायला जाते. 'बरं'च्या बाबतीत उलट अडचण होती. फोनवरच्या संभाषणात प्रकाश तो शब्द चारपाच वेळा उच्चारत होता, त्यामुळे नेमका हवा तो विरून जात होता. बाकीचे काढले, एकच ठेवला.

पेरणी जास्त झाली की कमी, हे लेखकाला एकट्याने कळत नाही. यासाठी कथा न ऐकलेल्या दोन जणांना मी शेवटचा प्रसंग काढून कथा वाचायला दिली आणि दोन प्रश्न विचारले: पुढे काय होईल असे वाटते, आणि या घरात कोणाला कशाची भीती वाटत असेल? पहिल्या प्रश्नाला दोघांनी वेगवेगळी उत्तरे दिली. दुसऱ्याला दोघांनीही पाटल्यांचे नाव घेतले आणि एकीने प्रकाशचा फोन सांगितला. मला एवढेच हवे होते. दोघांनीही शेवट जसाच्या तसा ओळखला असता, तर एखादी खूण पुसावी लागली असती. दोघांनाही भीती सांगता आली नसती, तर मधली पाने अजून कच्ची आहेत असे मी धरले असते. 'आवडली का' हा प्रश्न या टप्प्यावर विचारू नये, त्याच्या उत्तराचा दुरुस्तीला उपयोग होत नाही.

कुठे थांबायचे

पैसे परत मिळतात का, हे कथेत नाही. ते सांगायचे तर पोलीस, वकील आणि व्यापारी यांच्या निवडी दाखवाव्या लागल्या असत्या, आणि ही कथा त्यांची नव्हे. मात्र कोणाला काय माहीत होते, हे तिघांपैकी कोणापासूनही झाकलेले राहता कामा नये असे मी ठरवले, कारण कथेतला प्रश्न तोच होता. आपण कोणता प्रश्न उघडला होता ते एका वाक्यात लिहावे आणि त्याचे उत्तर मिळाल्यावर जास्तीत जास्त एक छोटी कृती येऊ द्यावी. माझ्या कथेत ती कृती अशी आहे: सुमन ताटाखालून पावती काढून अकरा चिठ्ठ्यांच्या खाली लावते आणि बारा कागदांना एकच टाचणी टोचते. यानंतर आणखी एक परिच्छेद होता, ज्यात पहाटे तिघे तालुक्याच्या गावी निघतात आणि छाटलेल्या वेलींवर उजेड पडतो. तो सुंदर होता असे मला अजूनही वाटते, पण द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये होते आणि कथा मार्चमध्ये संपते, हे कळल्यावर तो काढायला निमित्त मिळाले.

तिसरा खर्डा मी पुन्हा त्याच घरी वाचला. दिंडोरीचे बागायतदार शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "चिठ्ठ्यांवर सही कोणाची?" मी विचारच केला नव्हता. घरी येऊन तोडणीचा प्रसंग उघडला. व्यापाऱ्याचा माणूस घाईत असतो, काट्यावरचा आकडा तोंडी सांगतो, आणि दिनकर स्वतःच्या हाताने तो लिहून घेतो. 'सही करता का' हे शब्द त्याच्या ओठांवर येतात, पण उरलेल्या मालाचा भाव बिघडेल म्हणून तो ते गिळतो. दिनकरच्या पानावर मी तिसरी नोंद केली, आणि शेवटच्या प्रसंगात प्रकाश चिठ्ठ्या हातात घेतो तिथे एक वाक्य वाढवले: अकराही चिठ्ठ्यांवर अक्षर दादाचेच होते.